पावण्याचं तास

तो आला तेव्हा आजी आडात उतरलेल्या माणसाला वरून ओरडत होती, "गाळ न्हाई पायजे, पानी भर!" आड म्हणजे नावाला. तळाशी एक झरा होता, त्याचं पाणी वाटीनं कळशीत भरायचं आणि कळशी वर ओढायची. एक कळशी भरायला सकाळ जायची. ऐंशी उंबऱ्यांची आमची वाडी दहिवडीपासून पायी दोन तासांवर. साल 1973, चैत्र संपत आलेला, मी दहा वर्षांचा.

डोक्यावर लाकडी पेटी, खांद्याला हुडूक, मागं एक पोरगा. पेटी त्यानं उतरवली तीही लहान मूल निजवावं तशी. पार रिकामा असतानाही तो पारावर बसला नाही, खाली मातीत बसला. आजीनं तांब्या पुढं केला. त्यानं अर्धं पाणी प्यालं, पोराला दोन घोट दिले आणि उरलेलं परत कळशीत ओतायला लागला. आजीनं त्याचा हात धरला. "पावणं, दिलेलं पानी माघारी घ्यायची रीत न्हाई आमच्यात."

"आमच्यात सांडूची रीत नाय, आये," तो म्हणाला.

कुडाळजवळच्या पिंगुळीचा ठाकर तो. त्यांच्यातली माणसं कळसूत्री बाहुल्या नाचवतात, चित्रं मांडून कथा लावतात, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर खेळवतात. पावसाळा सरला की देवळादेवळांतून त्यांचे खेळ. त्या साली कुणाच्या तरी सांगण्यावरून तो घाट चढून शिंगणापूरच्या यात्रेला आला. दुष्काळातली यात्रा ती, कावडी आल्या, देव झाला, पण माणसांच्या कनवटीला काही नव्हतं. बरोबरचे दोघं तिथूनच माघारी फिरले. हा भाच्याला घेऊन गावोगाव निघाला.

संध्याकाळी माणसं कामावरून आली. वाडीच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम चाललं होतं, तिथं सगळी वाडी टिकाव आणि पाट्या घेऊन असायची. अंगावर पांढरी माती, तिच्यावर घामाचे ओघळ, पदराला बांधलेली सुकडी. घरी लाल मिलोच्या भाकरी. त्या थापताना चिरायच्या आणि गार झाल्या की दातांखाली वाळू आल्यासारख्या लागायच्या. गुरं छावणीवर होती. तेव्हा पैसा कमी आणि दाणा त्याहून कमी.

आमचे दादा दरवर्षी मारुतीच्या जत्रेची वर्गणी गोळा करायचे. तमाशा ठरवणं, भजनी मंडळ आणणं, कुणाला किती बिदागी, सगळं त्यांच्या हातात. पावण्यानं खेळाचं विचारलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खेळ नको, पावणं. रातच्याला भाकरी खावा, मुक्काम करा, सकाळी जावा."

"बाहुल्यो नको?"

"बाहुल्या नको आसं न्हवं. ह्या गावात कलावंत रित्या हातानं गेला न्हाई. माझ्या बा च्या टायमाला न्हाई, माझ्या बी न्हाई. ह्या साली देयाला काय न्हाई. मग खेळ कशाला?"

पावण्यानं पेटीवर हात ठेवला. "मी भीक मागूक नाय इलंय, खेळ करूक इलंय. गावात शिरलंय आणि खेळ न करता गेलंय, असां माझ्या बापाच्या वेळेक घडूक नाय. माझ्या बी नाय."

दोघंही तसेच उभे राहिले. आम्ही पोरं मध्ये. शेवटी तुकानाना म्हणाला, "अरं, मग पाऊस पाडणारी कथा लावा की. त्या शृंगी ऋषीची. आलं तर आलं." दोनचार जणांनी मान डोलावली. मलाही वाटलं, हेच करावं.

पावण्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा कडक झाला. "ती नाय लावूचंय. पाऊस पडलो नाय तर तुम्ही बाहुलीक शिव्या घालशात, पडलो तर माका देव करशात. दोन्ही नको. मी बाहुल्यो नाचवतंय." मग थोडा थांबून त्यानं विचारलं, "तुमचां तां काम बघूक मिळात?"

दुसऱ्या दिवशी तो दिवसभर तलावावर बसला. नुसता बघत होता. बाया पाटी डोक्यावर घेताना मान कशी वळवतात, उतारावर पाय कसा टाकतात, मुकादम हजेरीपट घेऊन दगडावर कसा उभा राहतो, पाटी रिकामी झाल्यावर हात डोक्यावरच कसा राहतो. दादांना ते आवडलं नाही. "दुष्काळाचं बी बघायला येत्यात आता लोकं," ते आजीला म्हणाले.

पण त्या रात्री मला जाग आली तेव्हा दादा माजघरात उकिडवे बसले होते. आजीच्या बियाण्याच्या मडक्याचं तोंड शेणानं लिंपलेलं होतं, ते त्यांनी विळ्यानं अलगद फोडलं. त्या मडक्यात बाजरीचं बी होतं, राखेत कालवून, वर लिंबाचा पाला. घरात मूठभर पीठ नसलं तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही, हे मलाही ठाऊक होतं. दादांनी दोन शेर बाजरी उपरण्यात मोजली, गाठ मारली आणि वळले तर आजी उंबऱ्यात उभी. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं दादा पुढं कैक वर्षांनी म्हणाले.

खेळ मारुतीसमोर झाला. बत्तीला रॉकेल नव्हतं. मग बायांनी आपापल्या घरची चिमणी आणली, पदराआड धरून. वीसेक चिमण्या ओळीनं मातीत ठेवल्या. दोन बाजली उभी करून त्यांवर काळं घोंगडं बांधलं. पावण्यानं पेटी उघडली. पांगाऱ्याच्या लाकडाच्या बाहुल्या, हातभर उंच, रंगाचे पोपडे निघालेल्या. कालच्या पाण्यातला एक घोट त्यानं करवंटीत राखून ठेवला होता. त्यात बोटाचं टोक बुडवून त्यानं गणपतीचं तोंड पुसलं. इतर कुणाचं पुसलं नाही, तेवढं पाणी नव्हतं.

गणपती नाचला, सरस्वती मोरावरून आली, पोरानं हुडूक घुमवलं. इथवर सगळे हात जोडून बसले होते, जसे देवळात बसतात. मग त्यानं सेतू बांधायला घेतला.

समुद्र म्हणजे आजीचं निळं लुगडं. वानरं एकामागून एक दगड आणायला लागली. पहिलं वानर आलं, त्यानं दगड डोक्यावर घेतला आणि मान अशी काही वळवली की बायांमधून कुणी तरी म्हणालं, "अगं बया, ही तर कोंडाकाकू!" दुसरं उतारावर घसरलं, सावरलं, पाय तिरपा टाकत गेलं. तिसऱ्यानं दगड टाकला, पण हात डोक्यावरच राहिला. घोंगड्यामागून नळ वानराचा आवाज आला, "नाव सांग, हजेरी लावतंय!" आणि एक बारकं वानर किरट्या आवाजात विचारतं, "नळदादा, सुकडी कधी मिळताली?"

काय हसली माणसं! कोंडाकाकू पदर तोंडात धरून हसली. तिचा नवरा भाद्रपदात पुण्याला कामाला गेला होता, त्याचा कागद आला नव्हता. तुकानाना हसता हसता खोकायला लागला. मुकादम मागं उभा होता, तोही हसला. त्या साली मी माझ्या आईचे दात पहिल्यांदा त्या रात्री पाहिले.

मग हळूहळू हसू थांबलं. कारण वानरं दमत नव्हती. दगड, परत दगड, परत दगड. हुडकाचा ठेका खाली आला. लुगड्याच्या या काठाकडून त्या काठाकडे दगडांची ओळ गेली. राम पुढं आला. आम्हाला वाटलं, आता राम पुलावरून जाणार. तो गेला नाही. आधी तो त्या बारक्या वानरापुढं वाकला. दोऱ्या ढिल्या सोडून, इतका खाली की त्याचा मुकुट मातीला लागला. गाणं नाही, हुडूक नाही. आईनं माझा दंड घट्ट धरला होता. दिवसभर पाटी उचललेला तिचा तळवा मला खरखरीत लागला, ते अजून आठवतं.

खेळ संपल्यावर दादा उठले. कडक इस्त्रीची टोपी घालून आले होते ते, जत्रेला घालायचे ती. सगळ्यांसमक्ष त्यांनी उपरण्याची गाठ पुढं केली. "गावाची बिदागी."

पावण्यानं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. गाठ सोडून चिमूटभर दाणे त्यानं चिमणीच्या उजेडात बोटांत चोळले. दाणे पडले, बोटांच्या पेरांवर राख राहिली. तो त्या राखेकडं बघत राहिला. मी अगदी पुढं बसलो होतो. मला दिसलं, की त्याला कळलं. दादांनाही दिसलं. दादांची मान ताठ झाली, परत दिलीस तर बघ, अशी.

त्यानं परत दिली नाही. गाठ बांधली, गणपतीच्या पायाशी ठेवली, नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी बिदागी माका पावली. पण आता माका फोंड्याचो घाट उतरूचो आसा, पेटीचोच भार जास्त. दादानू, ही माझी बाजरी तुमच्याकडे अनामत ठेवा. सुगीक येतंय, तेवा न्हेतंय." मग दादांच्या जवळ येऊन अगदी हळू बोलला, "ह्यां बियाणां आसा. नुसतां ठेवू नका. पेरा."

दादांनी गाठ घेतली. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण "बरं" एवढंच बाहेर आलं.

सकाळी तो गेला. आजीनं मडक्याचं तोंड पुन्हा लिंपलं. ती गाठ मात्र आत टाकली नाही, आढ्याला वेगळी टांगली.

त्या वर्षी मृगात पाऊस आला. किती आनंद झाला ते लिहायला बसलो तर दुसरंच लिहावं लागेल. छावणीवरून आमचा एकच बैल परत आला, तुकानानाचा एक, म्हणून वारंगुळा करून पेरणी केली. आजी पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून चालत होती. बांधाच्या अलीकडं चार तासं राहिली तेव्हा दादांनी बैल थांबवले, आढ्याची गाठ सोडून आजीच्या ओटीत रिती केली आणि म्हणाले, "हितनं पुढं त्येचं."

ती चार तासं सगळ्या वाडीला ठाऊक झाली. माळ्यावरून गोफण मारताना पोरं ओरडायची, "पावण्याच्या तासावर बसलं पाखरू!" दसऱ्याला कणसं खुडली तेव्हा आजीनं त्यांचं खळं वेगळं केलं. मळून, उफणून तीन पायली बाजरी झाली. दादांनी ती नव्या पोत्यात भरली, तोंड शिवलं आणि पोतं सोप्यात दाराशेजारी ठेवलं, आल्याबरोबर दिसावं म्हणून.

दिवाळी झाली. शिंगणापूरच्या वाटेनं कुणी पेटीवाला दिसला की मी पळत जायचो. बहुतेक वेळा तो बोहारी असायचा, नाहीतर कल्हईवाला. एकदा पळून दमलो आणि सोप्यात येऊन त्या पोत्यावर बसलो.

"ऊठ," आजी आतून म्हणाली. "पावण्याचं हाय ते."