टळटळीत ते कुंद: ठाण्यातली मे महिन्यातली दुपार

मे महिन्यात ठाण्यात ‘फार गरम होतंय’ एवढ्यावरच थांबणारा माणूस एकतर घाईत असतो, नाहीतर एसीत. रस्त्यावर असलेल्याला इतक्या मोघम शब्दावर भागवता येत नाही. अकरा ते सहाच्या दरम्यान इथला उन्हाळा स्वभाव बदलत जातो, आणि एका स्वभावावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

दुपार टळटळीत होते ती साडेबारानंतर. घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचं आणि ठाणं त्याच्या साडेनऊ अंश पश्चिमेला, म्हणून सूर्य माथ्यावर यायला उशीर लागतो. १६ मेच्या आसपास तर तो अगदी नेमका डोक्यावर येतो. गोखले रोडवरच्या खांबाची सावली बुंध्याशी गोळा होते आणि आडोसा म्हणून उपयोगाचं काही उरत नाही. हे रणरणतं ऊन. हवेचं तापमान ३५ अंश असलं तरी डांबर साठीच्या घरात जातं. वरून ऊन आणि खालून धग, त्यात उन्हात उभ्या स्कूटरची सीट म्हणजे तवाच! या उन्हाला छत्री पुरते. पर्जन्यवृक्षाखाली दहा पावलं चाललं तरी फरक कळतो, कारण इथे त्रास हवेपेक्षा किरणांचा जास्त असतो.

रखरखीत हा शब्द खरा विदर्भ-मराठवाड्याचा. ठाण्यात तो क्वचित लागू होतो: वारा पूर्वेकडून, कल्याण-भिवंडीच्या बाजूने वाहतो आणि दुपारी उशिरापर्यंत फिरत नाही तेव्हा. अशा दिवशी झळा लागतात, ओठ सुकतात, चादरी तासाभरात वाळतात. घाम येतो, पण दिसायच्या आत उडून जातो. फसगत इथेच होते. अंग कोरडं म्हणून पाणी कमी प्यायलं जातं आणि संध्याकाळी उन्हाळी लागते. तहानेची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहायचं, पन्ह्यात मीठ विसरायचं नाही, पश्चिमेच्या खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे.

मग वारा फिरतो. कुलाब्याला समुद्राचा वारा आधी पोचतो. ठाण्यापर्यंत यायला त्याला वेळ लागतो, शिवाय मध्ये येऊरचे डोंगर. तो आला की पारा एखाद-दोन अंश उतरतो आणि लोक जास्तच वैतागतात. का, ते जांभळी नाक्यावरच्या ताडगोळ्यांच्या टोपलीपाशी कळतं. टोपलीवर ओलं गोणपाट असतं. कोरड्या वाऱ्यात ते भराभर सुकतं, विक्रेता पुन्हा पाणी शिंपडतो आणि खालची फळं गार राहतात. हवा दमट झाली की तेच गोणपाट तासभर ओलंच राहतं, आणि फळं कोमट. पाणी उडालं नाही तर गारवा कुठून येणार? आपल्या कातडीचंही तेच होतं. ३५ अंशांना आर्द्रता ४० टक्के असेल तर शरीराला साधारण ३७ अंश जाणवतात, ६० टक्के असेल तर ४५. हे गणितही सावलीतलं.

वारा पडला की दमटाचा उकाडा होतो. ‘मला उकडतंय’ या वाक्यात कर्ता शोधून सापडत नाही, आणि ते बरोबरच आहे. चिडायचं तरी कुणावर? उकाड्यात सावली फारशी कामाची नाही, वारा हवा. समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, पंखा अंगावर घ्यायचा. नागपूरच्या भावाच्या सल्ल्याने कूलर आणून बंद खोलीत लावणं ही हमखास चूक: तो हवेत आणखी पाणी घालतो, खोली कोंदट होते, गादी चिकचिकते. दुपारी फरशी ओल्या फडक्याने पुसण्याचंही तेच. त्याच वेळी वीज गेली तर जीवाची तलखी होते आणि घामोळं आलेल्या अंगाची काहिली. घामोळ्यावर पावडरींचे थर देऊ नयेत, ओला घाम आणि पावडर मिळून लगदाच होतो. गार पाण्याने अंग धुवून, टिपून, सैल सुती कपडे घालावेत.

महिनाअखेरीस ढग येतात. ऊन नाही, वारा नाही, पान हलत नाही: ही कुंद हवा. ऊन नसल्याने छत्रीचा प्रश्नच नाही, आणि पंखाही गरमच हवा ढवळतो. अशा दिवशी माळ्यावरची आवराआवर, तळण, लग्नाची खरेदी दुपारी काढू नये.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची दुपार सहाला संपत नाही. स्लॅबमधून उष्णता खाली झिरपायला काही तास घेते, म्हणून छत संध्याकाळनंतर जास्त तापलेलं लागतं आणि पंखा तीच ऊब खाली ढकलतो. गच्चीवर पाणी मारायचं तर ऊन कलल्यावर, आणि पाणी वाहून जाईल असं. साचलं की भेगांतून गळती. त्यापेक्षा मार्चमध्येच पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिलेले बरे, कारण चुना बरंचसं ऊन मुळात आत शिरूच देत नाही.