पेपर संपेपर्यंत
ए, एक सांगायचं होतं. सोमवारपासून माझी एम.कॉम.ची सेमिस्टर परीक्षा आहे आणि कॉस्टिंगची गणितं अजून डोक्यात शिरत नाहीयेत. त्यामुळे २४ तारखेपर्यंत माझे रिप्लाय उशिरा येतील, कधी कधी रात्री झोपताना एखादाच. टाळतेय असं मुळीच समजू नकोस हं. तुझ्याशी बोलायला लागले की तास कसा जातो कळत नाही, खरी अडचण तीच आहे! तू मात्र तुमच्या म्हापशाच्या त्या आगाऊ मांजराचे फोटो पाठवत राहा, फोंड्याला जाताना बसमध्ये बघेन. पेपर संपले की शनिवारी संध्याकाळी पणजीत भेटूया? आधी मिरामारला फिरू. भाजी-पाव कुठे खायचा ते तू ठरव, मिरचीभजी माझ्याकडून.