दुसऱ्या लग्नाआधी: सात कार्डांच्या मांडणीचे वाचन

सप्रेम नमस्कार,

तुमचा प्रश्न तुम्ही ज्या शब्दांत लिहून पाठवला, त्याच शब्दांत तो समोर ठेवून मी काल संध्याकाळी मांडणी केली: ‘पती जाऊन सहा वर्षे झाली, आता एका घटस्फोटित गृहस्थांनी लग्नाचे विचारले आहे, मला ते आवडतात, तरीही होकार तोंडातून बाहेर पडत नाही, मी तयार नाही, की फक्त घाबरले आहे?’ त्याखाली तुम्ही आणखी एक ओळ लिहिली होती, हेही माणूस आधी निघून जाईल का, अशी. त्या ओळीसाठी मी कार्ड काढलेले नाही. कोणाच्या आयुष्याची मर्यादा टॅरोमधून सांगता येते असे मी मानत नाही, आणि तसे उत्तर देणाऱ्या कोणाकडेही तुम्ही जाऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मांडणी रायडर-वेट संचाची, सात कार्डांची आहे. पहिल्या जागी, म्हणजे मागचे लग्न आज तुमच्या मनात कुठे आहे या जागी, सिक्स ऑफ स्वोर्ड्स सरळ आले. नावाडी नाव वल्हवतो आहे, पुढे अंग लपेटून बसलेली स्त्री आणि तिच्याजवळ एक मूल आहे. नावेच्या एका बाजूचे पाणी खळबळलेले आणि दुसऱ्या बाजूचे शांत आहे. सहा तलवारी मात्र नावेतच रोवलेल्या आहेत. त्या उपटून टाकल्या तर नावेत पाणी शिरेल, म्हणून त्या सोबत घेऊनच पलीकडे जायचे असते, असे या कार्डाबद्दल वाचणारे पुष्कळदा सांगतात आणि मला ते पटते. पतींचा विसर पडेपर्यंत तुम्ही थांबणार असाल, तर तशी अट हे कार्ड घालत नाही. प्रवास सुरू होऊन बराच काळ लोटला आहे, हे तुम्हालाही कदाचित ठाऊक असेल.

दुसरी जागा ओळखीच्या भीतीची. तिथे नाइन ऑफ स्वोर्ड्स आहे: अंथरुणात उठून बसलेली, चेहरा ओंजळीत धरलेली व्यक्ती. रात्री जाग आल्यावर रुग्णालयातले ते दिवस पुन्हा डोळ्यांसमोर येतात असे तुम्ही लिहिले आहे, आणि हे कार्ड त्याविषयीच बोलते. मागच्या काळ्या भिंतीवरच्या नऊ तलवारींपैकी एकही त्या व्यक्तीला वार करताना दिसत नाही, एवढे फक्त लक्षात घ्या. या भीतीचा आजच्या गृहस्थांशी संबंध नाही. दुसरा कोणीही समोर असता तरी ती आलीच असती. वर्षानुवर्षे झोप मोडत असेल, तर समुपदेशकाची मदत घ्यावी, आणि ती लग्नाच्या निर्णयावर अवलंबून ठेवू नये.

मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती तिसऱ्या कार्डापाशी. ही जागा न उच्चारलेल्या भीतीची, आणि तिथे फोर ऑफ पेंटॅकल्स आले. मुकुटावर एक नाणे, छातीशी कवटाळलेले दुसरे, दोन्ही पायांखाली दोन. त्या माणसाचे काहीच हरवलेले नाही, पण त्याला उठून चालता येत नाही. या कार्डाला कंजूषपणाचे कार्ड म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, मात्र तुमच्या बाबतीत ते अन्यायाचे होईल. सहा वर्षांत तुम्ही घराचे कर्ज एकटीने फेडले, मुलीच्या शिक्षणाचे निर्णय कोणाला न विचारता घेतले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचे खाते स्वतः सांभाळायला शिकलात. पहिल्या लग्नात पतींवर प्रेम होते, तरी व्यवहार सारा त्यांच्या हाती होता, हेही तुमच्याच पत्रात आहे, जरी तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेला असलात. त्यामुळे मला असे वाटते की पुन्हा दुःख वाट्याला येईल या भीतीइतकीच, किंबहुना तिच्याहून थोडी अधिक, भीती तुम्हाला पुन्हा सुखात विरघळून जाण्याची आहे: कोणीतरी प्रेमाने सारे हाती घेईल आणि तुम्हीही प्रेमाने ते देऊन टाकाल. ही भीती मनात आली म्हणून स्वतःला स्वार्थी समजू नका. घर कोणाच्या नावावर राहील, खर्च कसा वाटला जाईल, मुलीच्या हक्काचे काय, हे लग्नाआधी लिहून ठरवता येते आणि वकिलाकडून तपासून घेता येते. तसे केल्याने नात्यातला गोडवा कमी होत नाही.

चौथी जागा त्या गृहस्थांच्या बाजूची. जस्टिस उलटे आले आहे. ते फसवतात असा याचा अर्थ मी काढत नाही. घटस्फोटाचा विषय निघाला की ते ‘झाले ते झाले’ म्हणून बोलणे संपवतात, असे तुम्ही सांगितले होते, आणि हातात तराजू आणि तलवार घेतलेली ही आकृती उलटी पडते तेव्हा हिशेब कुठेतरी अपुरा असतो. तो पोटगीचा असू शकतो, मुलाच्या भेटींचा असू शकतो, किंवा त्या लग्नात आपले काय चुकले हे त्यांनी स्वतःशी अजून कबूल केले नसेल. यातले नेमके कोणते, ते कार्ड सांगत नाही. ते त्यांनाच विचारावे लागेल. तुमच्या संकोचातला हा भाग मला भीती वाटत नाही, ती तुमची सावध समज आहे.

मुलीच्या जागी पेज ऑफ कप्स सरळ आहे. पेल्यातून डोकावणाऱ्या माशाकडे ते पोर न घाबरता, कुतूहलाने पाहते आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला तुम्ही समजता त्याहून अधिक कळले आहे. तिची परवानगी मागू नका, कारण ते ओझे तिच्या वयाला पेलणारे नाही, पण बातमी तिला सर्वांत आधी तुमच्याकडून कळू द्या.

सहावी जागा तयारीची, आणि तिथे टेम्परन्स आले. मेजर अर्कानामध्ये हे चौदावे, डेथच्या लगेच पुढचे कार्ड आहे, म्हणून या प्रश्नात ते पाहून मला मनापासून बरे वाटले. देवदूताचा एक पाय पाण्यात आणि एक जमिनीवर आहे, आणि तो एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओततो आहे. माझे वाचन असे की तुम्ही नात्यासाठी तयार आहात, घाईसाठी नाही. त्यांना पुढच्या महिन्यातच नोंदणी हवी आहे. तुम्ही अधिक अवधी मागावा, आणि तो मागताना अपराधी वाटून घेऊ नये. अवधी मागितल्यावर ते कसे वागतात, यातूनच चौथ्या कार्डाबद्दल तुम्हाला बरेच काही कळेल.

शेवटचे, पुढच्या पावलाचे कार्ड टू ऑफ वॉन्ड्स. तटावर उभा असलेला माणूस, हातात पृथ्वीचा गोल, एक दांडा हातात आणि दुसरा भिंतीला कडीने पक्का केलेला. निर्णय अजून तुमच्या हाती आहे आणि मांडणीने तो तुमच्याकडून काढून घेतलेला नाही. या आठवड्यात त्यांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा: पहिले लग्न का मोडले, आणि माझे घर व माझे पैसे माझ्याच हाती राहिले तर तुम्हाला चालेल का. ते बोलणे होईपर्यंत याच प्रश्नासाठी पुन्हा कार्डे काढून घेऊ नका, माझ्याकडूनही नाही. बोलणे झाल्यावर, काही नवे समोर आले असेल, तर मला अवश्य लिहा.