एक तारखेची ओळ

सर्व्हरवर साफसफाई करताना इंटर्नला क्रॉनटॅबमध्ये ही ओळ दिसली:

```
30 6 1 * * /opt/old/p2.sh >/dev/null 2>&1
```

ना कॉमेंट, ना धड नाव, फोल्डर पण `old`, आणि आठवडाभर लक्ष ठेवलं तरी एकदाही चालली नाही म्हणून तिने उडवून टाकली. महिन्यातून एकदाच चालणारी गोष्ट आठवड्यात कशी दिसणार!

एक तारखेला पगार जमा झाले, स्लिप कुणालाच नाही. एकाला त्याच दिवशी लोनसाठी बँकेत द्यायची होती, तो बिचारा दर तासाला येऊन विचारून जात होता. एरर कुठेच नाही, जॉबच नाही तर एरर देणार कोण.

सीनियर मॅडमनी जुने लॉग चाळले, मागच्या एक तारखेला 06:30 ला `p2.sh` चाललेली. इंटर्नचा चेहरा पडला.

"मॅडम, ती ओळ मी काढली."

"बरं झालं लगेच बोललीस. स्क्रिप्ट तरी आहे ना?"

"हो, तिला हात नाही लावला."

"मग घाल परत, आणि वर लिही काय करते ते."

तिने `#` टाकून लिहिलं, स्क्रिप्ट हाताने चालवली, थोड्या वेळात सगळ्यांना स्लिपा गेल्या, मग दोघी बसून बाकीच्या बिनकॉमेंटच्या ओळी तपासायला लागल्या.