मॅडमच्या निरोप समारंभातलं माझं भाषण

आदरणीय तहसीलदार मॅडम, निवासी नायब तहसीलदार साहेब, सर्व मंडळ अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी, कोतवाल बांधव आणि माझ्या सगळ्या सहकाऱ्यांनो, नमस्कार.

कार्यालयात सगळ्यात नवीन मी, म्हणून बोलायला सगळ्यात आधी मला उभं केलंय. मागचे वक्ते जे सांगतील ते माझ्यापेक्षा चांगलंच असेल, ही माझी मोठी सोय.

मॅडम, तुमची बदली दहिवडीला झाली हे कळल्यावर मला पहिल्यांदा पाऊस आठवला. शासनाच्या हिशेबात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की अतिवृष्टी. तुम्ही देवरुखला रुजू झालात तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात हा आकडा बघून म्हणाला होतात, "अहो, इथे तर रोजच अतिवृष्टी आहे!" तेव्हा अण्णा शिपाई शांतपणे म्हणाले होते, "मॅडम, अजून सुरू व्हायचाय." आता तुम्ही माणदेशात निघालात. इथे दरड कोसळली, साकव वाहून गेला, घराची भिंत पडली म्हणून रात्री-अपरात्री पंचनामे केलेत. तिथे टंचाई आराखडा आणि टँकरच्या खेपा बघायच्या आहेत. छत्री इथेच ठेवून जा, आम्हाला लागेल.

आता थोडं हिरव्या शाईबद्दल. आमची टिप्पणी कितीही सजवून वर पाठवली, तरी खाली येताना तिच्यावर दोनच शब्द असायचे, 'चर्चा करावी'. सुरुवातीला ते शब्द दिसले की माझ्या पोटात गोळा यायचा. आत गेल्यावर मात्र चर्चा कलमांची कमी आणि माणसांची जास्त व्हायची. अर्जदार कुठल्या वाडीतला? बरोबर कोण आलंय? आणि ठरलेला प्रश्न, "यांची परतीची एस.टी. किती वाजताची?" ज्याची गाडी लवकर, त्याची सुनावणी आधी. असं कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नाही, मी शोधून पाहिलंय. आज आमच्या प्रत्येकाच्या टेबलाच्या काचेखाली देवरुख आगाराचं वेळापत्रक आहे. कधीकधी तर आगारातूनच इथे फोन येतो, असं अण्णा म्हणतात. अण्णांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, ते वेगळं.

आपल्याकडचे सातबारे सगळ्यांना माहीत आहेत. जमीन सहा गुंठे आणि नावं चाळीस. त्यातली तीस विरार, नालासोपारा आणि लालबागला. कलम 85 च्या वाटपाला सगळे सहधारक एका वेळी हजर करायचे म्हणजे नोटिसा काढून काढून लिफाफे संपायचे. मॅडमनी सरळ गणपतीचं पंचांग मागवलं आणि गौरी-गणपती गेल्यावर, चाकरमानी परत निघायच्या आत तारखा लावल्या. सुट्ट्यांची स्वप्नं बघणाऱ्या आम्हा मंडळींना तो निर्णय तेव्हा काही फार आवडला नव्हता. आज निरोपाच्या दिवशी खरं बोलायला हरकत नाही.

त्याच सुनावणीत दोन चुलत भाऊ आले होते. एकमेकांकडे पाठ करून बसलेले. मॅडमनी नकाशा बाजूला ठेवला आणि विचारलं, "गणपती कोणाच्या घरी बसतो?" दोघं एकदम म्हणाले, "एकच आहे, मूळ घरात." "आरतीला दोघं असता?" "असतो." मग मॅडम म्हणाल्या, "तर मग आज रात्री त्याच घरात बसा, बांध कुठून न्यायचा ते ठरवा आणि उद्या सकाळी या." दुसऱ्या दिवशी दोघं आले. भांडत भांडतच आले, पण एका रिक्षातून आले. आणि संमतीच्या सह्या झाल्या.

माझ्यासारख्या नव्या महसूल सहायकाला प्रशिक्षणात फेरफार शिकवतात, पंधरा दिवसांची नोटीस शिकवतात. पण काउंटरपलीकडे उभ्या म्हाताऱ्या आजीला आधी खुर्ची द्यायची आणि मग कागद मागायचा, हे मी तुमच्याकडे बघून शिकलो. तुम्ही ते कधी सांगितलं नाहीत. फक्त एकदा केबिनमधली खुर्ची स्वतः उचलून बाहेर आणलीत आणि आम्ही सगळे जागच्या जागी उभे राहिलो.

मॅडम, दहिवडीचे लोक नशीबवान आहेत. त्यांना अजून कल्पना नाही, पण तिथल्या टिप्पण्या लिहिणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात येईल. माणच्या उन्हात तब्येतीला जपा. रात्री अकराला फाइल उघडून बसायची सवय तिथे तरी सोडा, निदान तिथल्या लिपिकांसाठी.

कार्यालयातर्फे काजू आणि कोकम आगळ पिशवीत आहे. गाडीच्या डिकीत दोन कापे फणस अण्णांनी तुम्हाला न विचारता ठेवले आहेत. ते पिकायच्या बेतात आहेत, तेव्हा घाट चढून जाईपर्यंत काचा थोड्या उघड्या ठेवा. आता मी बसतो आणि निवासी नायब तहसीलदार साहेबांना विनंती करतो, त्यांनी बोलावं. साहेब, वाशीच्या आजोबांची सुनावणी आज आहे आणि त्यांची गाडी साडेचारला आहे.