कायक आणि दासोह : कोल्हापुरातील सर्वधर्म परिसंवादातील मनोगत

व्यासपीठावरचे मौलानासाहेब, फादर, जैन समाजाचे अण्णा आणि समोर बसलेल्या कोल्हापूरकरांनो, सर्वांना शरणु शरणार्थी.

लिंगायत समाजाच्या वतीनं मी लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवतो. आधीच्या वक्त्यांनी बोलायचं अवघड करून ठेवलंय.

आमच्याकडं सेवा म्हटलं की कायक आणि दासोह हे दोन शब्द येतात. आधी कष्टानं, प्रामाणिकपणे मिळवायचं. मग ते समाजापुढं ठेवायचं, आणि तेही दाता म्हणून नव्हे. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या भोवती जमलेले शरण हे जगत होते. त्यांतला आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचायचा, त्यातूनच दासोह चालायचा. एकदा त्यानं रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. बायको लक्कम्मा म्हणाली, आशा राजाला असते, शिवभक्ताला कशाला? जादाचे परत टाकून या. दासोहासाठी का असेना, गरजेपेक्षा जास्त उचललेलं तिला चाललं नाही. आज आम्ही जेवणावळीआधी देणगीदारांचा फलक लावतो. लक्कम्मा आली तर पहिल्यांदा तो फलक उतरवायला लावेल. (आमचीच मंडळी हसतायत, म्हणजे पटलंय.)

मारय्या स्वतः तर म्हणतो, कामात गुंतलास तर गुरुदर्शनही विसर. पुराच्या वेळी मला हे वचन फार आठवलं. 2019 ला पंचगंगेचं पाणी चढलं, तेव्हा चिखली-आंबेवाडीची माणसं गुरंढोरं सोडून निघायला तयार नव्हती. तिथं भाकरीइतकीच वैरण लागत होती. ती कुणी पाठवली, कुठल्या मंडळानं, कुठल्या मोहल्ल्यानं, हे म्हशीनं विचारलं नाही.

आता ऐकलेल्याबद्दल. अण्णांनी आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दानं सांगितली. त्यातल्या अभयाशी मी अडलोय. पोट भरणं आम्हाला जमतं. पण घाबरलेल्या माणसाची भीती घालवणं, ही सेवा आम्ही वेगळी मोजलीच नाही. फादर आजाऱ्याच्या उशाशी नुसतं बसण्याबद्दल बोलले, तेही त्याच्या जवळचंच वाटतं.

मौलानासाहेब, जकातीचा अडीच टक्क्यांचा हिशेब मला आधी कोरडा वाटायचा. तुमचं ऐकून वाटतं, हिशेब असला की मनाच्या लहरीवर काही राहत नाही. एका मुद्द्यावर मात्र मी वेगळा आहे : आमच्यात वर्षाअखेरीची वाट बघायची नसते, मिळकत हातात येते तेव्हाच तिचं वाटप सुरू होतं. यावर तुमचं म्हणणं ऐकायला आवडेल.

आणि एक प्रश्न. जकात ज्यांना द्यायची त्यांत कर्जात बुडालेला माणूस आहे, असं तुम्ही म्हणालात. आमच्या शिरोळ-हातकणंगल्यात ऊस बुडाला की असा माणूस घरोघरी सापडतो. पण तो पंगतीला येऊन बसत नाही, हातही पसरत नाही. तुमच्याकडं त्याला शोधतात कसं? त्याची अब्रू राखून मदत पोचवतात कशी? माझी पाच मिनिटं उरली असतील तर ती मौलानासाहेबांना द्या.