उसाच्या फडातली तीन पिल्लं

रविवार, 19 जानेवारी 2025
रात्रीचे 10:20

आज त्रिकोणमितीचा सरावसंच संपवायचा होता. वही सकाळी उघडली होती, ती अजून तशीच पालथी पडली आहे.

पंधरा दिवस साखर कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे फिरल्यावर कालच आमच्या उसाला तोड मिळाली. त्यामुळे पप्पा पहाटेपासून खुशीत होते. सातला टोळी फडात उतरली. नऊच्या सुमारास मी चहाची किटली घेऊन गेले. कपात चहा ओतत होते, तेवढ्यात टोळीतल्या एक मावशी "अगं बया!" म्हणून ओरडल्या. त्यांचा कोयता हातात वरच्या वर राहिला होता. मला वाटलं, साप.

पाचटात तीन पिल्लं होती. बिबट्याची!

मांजराच्या पिल्लांएवढीच, पण डोकी जरा मोठी. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. ठिपके असे नीट दिसतच नव्हते, नुसता राखाडी मळकट रंग. एक पिल्लू दुसऱ्याच्या पोटाखाली तोंड खुपसत होतं आणि बारीक चिरका आवाज काढत होतं. "किती गोड!" असं माझ्या तोंडून निघालं आणि पुढच्याच क्षणी पाठीतून सर्रकन काटा आला. पिल्लं इथं म्हणजे आई कुठं? उरलेला ऊस समोर उभा होता, दोन पुरुष उंच. वाऱ्याने पातं हललं तरी छातीत धस्स होत होतं.

मावशींनी आधी ट्रॉलीच्या सावलीतल्या झोळीतून आपलं बाळ उचललं, मग सगळे बांधावर आले. दोन पोरं मोबाइल घेऊन पुढे निघाली होती. पप्पा एवढ्या जोरात ओरडले, "हात लावायचा नाही कुणी!" की मीच दचकले. त्यांनी वनविभागाला फोन लावला.

साडेअकराला गाडी आली. सोबत माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर होते. त्यांनी हातमोजे घालून एकेक पिल्लू तपासलं, वजन केलं. दोन माद्या, एक नर, जेमतेम आठवड्याची. तोपर्यंत निम्मं गाव गोळा झालं होतं आणि आजीही काठी टेकत आली होती. ती सरळ म्हणाली, "उचला आन् न्या तिकडंच. मोठी होऊन आमचीच शेरडं खायची." मागच्या दिवाळीत आमची चांदी शेळी गोठ्यातून गेली. सकाळी दाव्याचा तुटका तुकडा तेवढा खुंटीला होता. चांदीला आजीने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. खरं सांगायचं तर आजी बोलली तेव्हा मलाही ते पटलं. कुणाला बोलले नाही, पण इथं लिहिते.

वनरक्षक ताई चिडल्या नाहीत. "आजी, पिल्लं नाही सापडली तर ती घरांभोवती फिरत राहील. रात्री इथंच ठेवू, ती घेऊन जाईल," एवढंच म्हणाल्या. आजी काही न बोलता घरी गेली.

मग तोड बंद. ट्रॉली अर्धीच भरलेली. पप्पांनी एकदा ट्रॉलीकडे, एकदा उभ्या उसाकडे पाहिलं आणि मुकादमाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात बोलत राहिले. दुपार कशी गेली आठवत नाही. जेवले, पण काय जेवले ते विचारू नये.

सहाला ताईंनी पिल्लं टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून नेमकी त्याच जागी ठेवली. जवळच एक कॅमेरा लावला आणि सगळ्यांना घरी पाठवलं. त्या दूर रस्त्यावर गाडीत बसून राहिल्या. साडेसहाला आमच्या वस्तीवरची दारं बंद. शेळ्या पडवीत घेतल्या. एरवी चंद्रावरही भुंकणारी कुत्री आज गप्प होती, त्याचीच जास्त भीती वाटत होती.

सात पन्नासला पप्पांचा फोन वाजला. ती आली! क्रेट पंजाने आडवं केलं, एक पिल्लू मानेला धरून उचललं आणि गेली. मी टाळी वाजवली, आईने डोळे वटारले. पाऊण तासाने पुन्हा फोन, दुसरंही नेलं.

त्याला आता जवळजवळ दोन तास होतील. तिसरं अजून तिथंच आहे. बाहेर इतकी थंडी आहे की खिडकीची सळई हाताला चटका देते. ते एकटं ओरडत असेल का? की तिला आवाज ऐकू जाईल म्हणून ओरडलेलंच बरं?

आजी झोपली असेल असं वाटलं होतं. मघाशी गोधडीतूनच तिने विचारलं, "फोन आला का गं?" मी नाही म्हटलं. तिने कूस बदलली.

फोन पप्पांच्या उशाशी आहे. मी हळूच जाऊन त्याचा आवाज मोठा करून आले.